रात्रीच्या मिनिटांचं बिल

कागद छापील असला की माणसं त्याच्यापुढे मान तुकवतात. बोललेलं कोणी मानत नाही, हातानं लिहिलेल्याला चार शंका काढतात, पण भोकांच्या पट्टीचा लांबलचक कागद कर्रकर्र करत छपाई यंत्रातून बाहेर आला की संपलं. मी असे कागद छापायची नोकरी केलेली आहे. त्यामुळे मला त्या कागदाबद्दल कवडीचाही आदर नाही, आणि आज वीजबिल आलं तरी मी आधी भांडायच्या तयारीत असते. घरचे हसतात. हसू देत.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद शेवटाला आला होता त्या दिवसांत मी परभणीत स्टेशन रोडवरच्या एका संगणक केंद्रात कामाला होते. झरीकडून रोज एसटीनं यायचे. बीएस्सी झालेली मुलगी नोकरी करते म्हणून आमच्या भावकीत वडिलांना टोमणे बसत, आणि वडील ते टोमणे संध्याकाळी मला पोचते करत. केंद्राचे मालक पुण्याला शिकून आलेले इंजिनिअर होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. बँकेचं कर्ज काढून त्यांनी एक मोठं मशीन आणलं होतं आणि ते काचेच्या खोलीत, एसीत ठेवलं होतं. आम्हा माणसांना पंखा होता.

धंदा असा, की गिऱ्हाइकानं संगणक विकत घ्यायचा नाही. त्याच्या ऑफिसात फक्त एक पडदा आणि कळफलक. टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेल्या तारेनं तो पडदा आमच्या मशीनला जोडलेला. हिशोबाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे, त्याची माहिती आमच्याकडे, तो तिकडे बसून वापरणार आणि वापरेल तेवढे पैसे देणार. साहेब त्याला 'ऑनलाईन' म्हणायचे. परभणीत तेव्हा हा शब्द ऐकून लोकांना रेल्वेचं काहीतरी आहे असं वाटायचं. एक पतसंस्था, एक दवाखाना, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, दोन आडती आणि सेलूची एक कापसातून सरकी काढणारी जिनिंगवाली मिल, एवढी आमची गिऱ्हाइकं.

बिलाचं काम माझं. गिऱ्हाईक पासवर्ड घालून आत आलं की मशीन एक नोंद टाकायचं: अमका, अमक्या तारेवरून, इतक्या वाजता आला. बाहेर पडलं की दुसरी: गेला. पान छापलं की नोंद, एखादं काम चालवलं की नोंद. महिनाभर अशा हजारो बारीक नोंदी साचत. एक तारखेला मी प्रोग्राम चालवायचे. तो प्रत्येक 'आला'ला त्याचा 'गेला' शोधून जोडायचा, मधली मिनिटं काढायचा, त्यातली ऑफिसच्या वेळेतली वेगळी आणि अवेळेची वेगळी करायचा, दरानं गुणायचा. मग बिलावर चार-पाच ओळी उतरत: दिवसाची मिनिटं, 'आफ्टर अवर्स'ची मिनिटं, छापलेली पानं, साठवणीची जागा. अवेळेचा दर दीडपट, कारण त्या वेळी जनरेटरवर एसी चालवावा लागे. महिन्याभरात माणूस कधी आला, काय केलं, किती वेळ नुसता बसला, हे सगळं त्या चार ओळींत बुडून जायचं. बिल म्हणजे चाळणीतून खाली आलेलं पीठ. जात्यात काय घातलं होतं ते त्यावरून कळत नाही.

सेलूच्या मिलमध्ये आमच्या पडद्यावर बसणारा मुलगा माझ्याच वयाचा असेल. त्याचे वडील त्याच मिलमध्ये गाठी उचलायचे. तो बी.कॉम. होऊन त्याच आवारात पंख्याखाली खुर्चीवर बसला, याचं त्या घराला केवढं अप्रूप होतं ते मी नंतर पाहिलं. शिकवायला मीच उन्हाळ्यात तिकडे गेले होते. दोन दिवसांत शिकला. तिसऱ्या दिवशी मला विचारत होता की तुमच्या खतावणीत सरकीच्या पेंडीला वेगळं खातं कामून न्हाई. मला त्याचा थोडा रागच आला होता, कारण प्रश्न बरोबर होता.

उन्हाळ्या-पावसाळ्यात मिलचं बिल नगण्य यायचं. दसऱ्यानंतर कापूस आला आणि पहिल्या भरल्या महिन्याचं बिल एकदम फुगलं. अवेळेच्या मिनिटांची ओळ दिवसाच्या ओळीपेक्षा मोठी. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "सीझन आहे. जिनिंगवाले रात्रंदिवस राबतात." बिल गेलं.

चारच दिवसांत शेठचा फोन आला. शेठ कधी आवाज चढवत नसत, त्याचीच लोकांना जास्त भीती. साहेबांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाई, आमच्या नावावर रात्रभर कोण बसतं तुमच्या मशीनवर?"

मी म्हटलं, बघून सांगते.

"आमचं ऑफिस दिवस मावळायला बंद होतं. पासवर्ड एकाच माणसाकडे आहे. सरकीच्या लिलावात आम्ही काय बोलणार तो आकडा तुमच्या मशीनमध्ये होता, आणि समोरचा आमच्यावर नेमका थोडक्यानं चढला. आता मला कळलं, कसा चढला ते. आमचा पडदा आत्ताच बंद करा." आणि त्यांनी फोन ठेवला. मी मिलच्या नावाला मशीनवरून लगेच बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्वतः परभणीला आला. आमच्या काउंटरपाशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. त्याला काढून टाकलं होतं. चोरीचा आळ घेऊन काढलं होतं, आणि सेलू केवढंसं गाव, संध्याकाळपर्यंत मोंढ्यात सगळ्यांना माहीत झालं होतं की मिलचे आकडे विकणारा तो हाच. वडिलांना मुकादमानं दुसऱ्या दिवशी गाठी उचलायला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"मॅडम, मी रात्री कामून बसू? ऑफिसला लाईटच नसते," तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत मेन खाली ओढतेत. शेठचा हुकूमच हाय तसा."

तेव्हा मला त्या मिलची रीत कळली. एका सीझनला ऑफिसच्या वायरिंगमधून ठिणगी पडून बाहेरचा कापसाचा ढीग पेटला होता. तेव्हापासून कापूस आवारात असेपर्यंत सूर्य मावळायच्या आत रखवालदार ऑफिसचा मेन स्विच खाली ओढायचा आणि पेटीला कुलूप घालायचा. विचारायचं नाही, थांबायचं नाही. कोणी अर्धी ओळ लिहीत असला तरी अंधार. काट्यावरच्या पावत्या शेवटच्या क्षणापर्यंत येत राहत, त्यामुळे हा पोरगा बोटं चालवतानाच रोज त्याचा पडदा काळा होई.

"मग तुम्ही बाहेर कधी पडता? मशीनमधून?"

"बाहेर म्हंजे? लाईटच गेली की."

"आणि सकाळी?"

"सकाळी मेन वर केला की एंटर दाबायचं. काल जिथं व्हतो तिथंच उघडतंय."

"पासवर्ड विचारत नाही?"

"सोमवारीच विचारतंय. शनिवारी तुमचा फोन येतो ना, सगळे बाहेर पडा, कॉपी घ्यायचीय मनून. तवा बाहेर पडतो." मग जरा घाबरून म्हणाला, "चुकलं का माझं काही?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला थांबवून घेतलं आणि कच्च्या नोंदी काढल्या. बिलात येतात त्या बेरजा नव्हे, मूळ नोंदी. मिलच्या तारेवर सोमवारी सकाळी एक 'आला' आणि शनिवारी दुपारनंतर एक 'गेला'. पुढचा सोमवार, पुढचा शनिवार, तसंच. रात्री एकही 'आला' नाही. दिवस मावळल्यापासून सकाळपर्यंत एक पान छापलेलं नाही, एक काम चाललेलं नाही. मशीनच्या लेखी तो आठवडाभर अखंड बसलेला होता आणि प्रोग्रामनं सोमवार ते शनिवारची सगळी मिनिटं इमानानं मोजून रात्रीची दीडपटीत टाकली होती. उन्हाळ्या-पावसाळ्यात मेन ओढत नसत, तेव्हा तो रोज बाहेर पडूनच उठे, म्हणून हे आधी दिसलं नव्हतं.

पण वीज गेली तर मशीनला ते कळत का नव्हतं? त्यासाठी मी काचेच्या खोलीत गेले. तारेच्या टोकाला मोडेम नावाचा डबा असतो. पलीकडचा डबा मेला की अलीकडच्या डब्यावरचा एक दिवा विझतो, म्हणजे डब्याला कळतं. ते मशीनला सांगायला डबा आणि मशीन यांच्यामध्ये एक वेगळी तार लागते. आमच्या केबलमध्ये तीनच तारा होत्या: एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची. पलीकडचा माणूस उठून गेला हे सांगणारी तारच नव्हती. केबली साहेबांनी स्वतःच्या हातानं डाग देऊन केल्या होत्या, स्वस्तात. खात्री करायला मी पतसंस्थेत फोन करून तिथल्या बाईंना डबा बंद करायला लावला. आमच्याकडचा दिवा विझला, आणि मशीनच्या यादीत त्या बाई बसलेल्याच. मला इतका संताप आला की मी तिथेच त्या केबलला शिवी दिली. माझ्या तोंडात शिव्या शोभत नाहीत असं आई म्हणायची.

बाहेर येऊन मी त्या पोराला सगळं समजावलं. त्यानं नीट ऐकलं. मग एकच विचारलं, "हे तुमी शेठला सांगसाल का?"

सांगणार नाही तर काय! दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही सेलूला गेलो. डब्यात सगळीकडे नामांतराचीच बोलणी. होणार, नाही होणार, झालं तर काय होईल. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या लहानपणी एकदा रातोरात त्यांना गाव सोडावं लागलं होतं आणि तेव्हापासून ते सेलूत होते, एवढं तो बोलला, तेही मी विचारलं म्हणून. मी ज्या घरातली होते त्या घरांतली माणसं तेव्हा कोणत्या बाजूला होती हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

मिलमध्ये त्याला फाटकाशीच थांबवलं. मला गादीवर नेलं, चहा दिला. शेठनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मी नोंदींचा कागद उलगडून दाखवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, वाचलं मात्र नाही. शेजारी मुनीम होते. ते म्हणाले, "बाई, तुमी घरंदाज दिसतात. त्यांच्या नादी कशाला लागायल्या? त्यांचं सध्या लय वर चाललंय. विद्यापीठ पायजे, खुर्ची पायजे."

मी म्हटलं, "मुनीमजी, मी तारेबद्दल बोलतेय."

शेठनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "बाईचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "पण तोंडी मी काय करू? मोंढ्याला मी काय सांगू? तुमच्या छापील बिलानं तो चोर ठरला, तुमच्या छापील बिलानंच सुटू दे. पुढच्या बिलात लिहून आणा, की रात्रीची मिनिटं चुकून लागली. त्याच दिवशी मी त्याला खुर्चीवर बसवतो. सध्या पडदा बंद राहील. आठवड्यानं माझा भाचा येऊन बसेल, पण ते तात्पुरतं."

हे अगदी न्यायाचं बोलणं होतं. मी फाटकाशी येऊन त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो मला तिथून स्वतःच्या घरी घेऊन गेला. दोन पत्र्याच्या खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली खिळ्याला टांगलेली त्याची इस्त्री केलेली पांढरी पँट. त्याच्या आईनं माझ्यासाठी पाणी आणलं आणि मी पिते की नाही हे बघत उभी राहिली. मी प्यायले. ती म्हणाली, "बाई, तेवडं लिहून आना. त्याच्या बापाला आता दुसरीकडं कुठं कुनी उभं करंना."

परतल्यावर साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. आमच्यापैकी कोणी आजारी पडलं तर स्वतः डॉक्टरकडे नेत. त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "आधी ती केबल बदलू." मीही हेच धरून बसले होते. उद्याच्या उद्या बदला, म्हटलं, एकेक दिवस अजून कोणाच्या तरी माथी मारला जातोय. त्यांनी त्याच दुपारी नवी केबल केली, दिव्याची तार जोडली, मशीनला सांगितलं की दिवा विझला की माणसाला बाहेर काढायचं. आणि पहिल्यांदा ती मिलच्याच तारेला लावली, माझ्या हट्टानं. मला फार बरं वाटलं. शिक्षा झालेल्या माणसासाठी आपण काहीतरी केलं, असं वाटलं.

मग बिलाचं आलं. साहेब म्हणाले, "पैसे परत देऊ. पूर्ण देऊ. पण चूक असं लिहायचं नाही."

"का?"

"कारण चूक सगळ्यांच्या केबलला आहे. पतसंस्थेला आहे, दवाखान्याला आहे. लोडशेडिंगमध्ये सगळ्यांचीच लाईट जाते. एका बिलावर 'चूक' असं छापलं की बाकीचे चौघंही दारात उभे राहतील, पहिल्या महिन्यापासूनचा हिशोब मागतील. बँक माझं मशीन उचलून नेईल. तुम्ही सगळे कुठे जाल?"

"आणि तो कुठे जाईल?"

मी चिडून नको नको ते बोलले. त्यांच्या शिक्षणावर गेले, त्यांच्या देवपूजेवर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही ओढून सवलतीचा आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला. बिलाच्या ओळींचे मथळे दरांच्या तक्त्यातून येत. पैसे कमी करायचा मथळा त्यात एकच होता: 'डिस्काउंट'. नवा मथळा घालायचा अधिकार साहेबांच्या पासवर्डला होता, माझ्या नव्हे. तरी एक तारखेला मी बिलाच्या तळाशी, टाइपरायटरवर, दोन ओळी ठोकल्या, की मागील महिन्याची अवेळेची मिनिटं आमच्या केबलच्या दोषामुळे लागली होती, कोणी वापरली नव्हती. साहेबांनी तो कागद पाहिला, घडी करून खिशात घातला आणि दुसरी प्रत छापायला सांगितली. मी हलले नाही. त्यांनी स्वतः छापली.

तीच प्रत घेऊन मी सेलूला गेले. पोस्टानं पाठवली असती तरी चाललं असतं, पण मला वाटलं, कागदात नाही ते मी तोंडानं भरून काढीन. मूर्खपणा. संक्रांत दोन-चार दिवसांवर होती आणि स्टेशनवर पोलीस उतरवले होते. गाडी अर्धी रिकामी. मी येणार असा निरोप त्याला आधीच गेला होता. तो मिलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता, ती पांढरी पँट घालून. सोबत वडील होते, धुतलेलं धोतर नेसून. मला पाहून दोघंही नुसते उभे राहिले, जवळ आले नाहीत.

आत शेठनी बिल हातात घेतलं. चष्मा लावला. या वेळी मात्र त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, बोट ठेवून.

"डिस्काउंट," ते म्हणाले.

"ती सवलत नाही. ती आमची चूक आहे. मी मागे सांगितलं तेच. साहेब लिहायला—"

"चूक असती तर चूक लिहिलं असतं, बाई. दुकानदार सवलत कधी देतो? गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, आपली बदनामी नको, म्हणून. तुमच्या साहेबांना आमची दया आली. त्यांचे आभार." मग बोट वरच्या ओळीवर गेलं. "आणि ही बघा तुमची आफ्टर अवर्सची ओळ. मागच्या महिन्याच्या चौथाईसुद्धा नाही, म्हणजे पहिल्या आठवड्यापुरती. पुढे?"

पुढे काही नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला तो कामावर होता तेवढ्या रात्री लागल्या होत्या. नंतर पडदा बंद, मग भाचा. भाचा बसला तेव्हा नवी केबल लागलेली होती. रखवालदार रोज मेन ओढत होता, दिवा विझत होता, आणि मशीन भाच्याला इमानानं बाहेर काढून 'गेला' अशी नोंद टाकत होतं.

"ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवसापासून रात्र बंद झाली," मुनीम म्हणाले. "आता अजून काय पुरावा पायजे?"

"अहो, केबल बदलली! आम्ही केबल बदलली म्हणून बंद झाली!" माझा आवाज चढला. गादीवरची माणसं बघायला लागली.

शेठनी चष्मा काढला. त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती, मला ती परवडली असती. "बाई, तुम्ही मनानं चांगल्या आहात," ते म्हणाले. "पण बघा, तुमची केबल इतके महिने होती. आणि ती बदलली कधी? ज्या आठवड्यात मी त्याला काढलं, त्याच आठवड्यात. हे मी मोंढ्यात कोणाला सांगू? लोक मला हसतील." त्यांनी बिलावर सही केली आणि घडी घालून मुनीमाकडे दिली. पैसे चुकते करायला सांगितले. मला चहा विचारला.

मी बाहेर आले. त्याला विचारावं लागलंच नाही. वडील मात्र पुढे आले आणि म्हणाले, "काय मनले शेठ? उद्यापासून का सोमवारपासून?" पोरानं त्यांच्या दंडाला धरलं आणि बाजूला नेलं, काहीतरी हळू सांगितलं. म्हातारा लिंबाच्या बुंध्याशी खाली बसला.

तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. मी नको म्हटलं तरी आला. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं, डिस्काउंट, पहिला आठवडा, केबल. सांगताना मी रडत होते आणि त्याबद्दलही मला राग येत होता, कारण रडायचा हक्क त्याचा होता आणि तो रडत नव्हता. फलाटावर त्यानं सगळं मनातल्या मनात एकदा जुळवून पाहिलेलं दिसलं. खतावणीत पेंडीचं खातं विचारलं होतं तेव्हासारखंच त्याचं तोंड झालं होतं.

"केबल बदला मनून साहेबाच्या मागं तुमीच लागलतात ना?" त्यानं विचारलं. "माझ्यासाठी?"

"हो," मी म्हटलं. "त्याच दिवशी बदलायला लावली."

गाडी दिसायला लागली होती. तो तिकडे बघत म्हणाला, "एक महिना थांबायचं व्हतं, मॅडम. भाच्याच्या नावावर बी रात्र लागली असती."